पासबुकाचा फोटो न पाठवता पैसे कसे घ्यायचे

माझी मावशी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या अलीकडच्या एका गावात राहते. घरच्या तुरीची डाळ करते आणि ओळखीपाळखीतून विकते. आधी गिऱ्हाईक म्हणजे शेजारपाजार आणि लेकीच्या सासरची माणसं. मग नागपूर, पुण्याहून फोन यायला लागले आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "पैसे कुठे टाकू?" मावशी मग पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची. एका हंगामात तिने तो फोटो किती जणांना पाठवला असेल, हे तिलाही सांगता येणार नाही.

नुसत्या खाते क्रमांकावरून कोणी पैसे काढू शकत नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण याबद्दल गावात उगाच भीती आहे. पण त्या पानावर फक्त खाते क्रमांक नसतो. पूर्ण नाव, पत्ता, शाखा, ग्राहक क्रमांक, कधी फोटोही असतो. पुढे कोणी बँकेतून बोलतोय असं सांगून फोन केला आणि हीच माहिती घडाघडा वाचून दाखवली, की समोरच्याला तो माणूस बँकेचाच वाटतो. मावशीला असा फोन आला होता. तिने तो कापला, पण मला विचारलं, "बाबू, माया खात्याचा नंबर त्याले कसा मालूम?" खाते क्रमांक बदलता येत नाही. एकदा गेला की गेला. यूपीआयचा पत्ता मात्र बदलता येतो, मोडता येतो, नवा करता येतो.

पत्ता म्हणजे नेमकं काय

आपण पाकिटावर मु. पो. लिहितो ना, तसंच आहे हे. मुक्काम आधी आणि पोस्ट नंतर. यूपीआय पत्त्यात मधे @ हे चिन्ह असतं. त्याच्या आधीचा भाग आपण निवडलेलं नाव, आणि नंतरचा भाग म्हणजे तो पत्ता कोणत्या बँकेच्या किंवा ॲपच्या वहीत नोंदला आहे ते. भीम ॲपमध्ये शेवटी `@upi` येतं. गुगल पेमध्ये `@oksbi` किंवा `@okicici` असं काही, फोनपेमध्ये `@ybl` किंवा `@axl`. इथे एक गोष्ट लोक चुकतात: शेवटी `@oksbi` आहे म्हणजे खातं स्टेट बँकेतच आहे असं नाही. खातं ग्रामीण बँकेत असू शकतं. @ नंतरची बँक फक्त पत्त्याची वही सांभाळते, पैसे सांभाळत नाही.

या लेखात मी उदाहरणाला `gharchidal@xyzbank` हा पत्ता घेतो. `xyzbank` मी बनवलेलं आहे, तिथे पैसे पाठवायला जाऊ नका.

ॲप टाकण्याच्या आधीचं काम

खरं सांगायचं तर अडचण ॲपमध्ये कमी आणि इथेच जास्त येते. यूपीआय तुमचं खातं शोधतं ते बँकेत नोंदलेल्या मोबाइल नंबरावरून. आता आपल्याकडे खाती उघडली गेली ती बहुतेक शिबिरात. तेव्हा घरातल्या ज्याच्याकडे फोन होता त्याचा नंबर दिला, नाहीतर फॉर्म भरणाऱ्यानं स्वतःचा टाकला. मावशीच्या खात्याला तिच्या पुतण्याचा नंबर होता आणि तो नंबर केव्हाच बंद पडला होता. प्रीपेड नंबर बंद पडला की काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्याला देते. म्हणजे मावशीच्या खात्याचे संदेश तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जाण्याची वेळ होती.

म्हणून पहिली पायरी शाखेत. पासबुक आणि आधार घेऊन जा आणि तिथे विचारा, "माझ्या खात्याला कोणता मोबाइल नंबर आहे? शेवटचे चार आकडे सांगा." नंबर आपला नसेल तर बदलाचा अर्ज द्या. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या, नाहीतर परत गाडीभाडं लागेल.

एक म्हणजे खातं चालू आहे का. सलग दोन वर्षं आपल्याकडून काहीच व्यवहार झाला नसेल तर बँक खातं निष्क्रिय धरते, मग केवायसी नव्याने द्यावं लागतं. दुसरं, खातं "छोटं खातं" या प्रकारात तर नाही ना. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या काही जनधन खात्यांना ही मर्यादा असते: वर्षभरात जमा 1 लाखापर्यंत, शिल्लक 50 हजारांपर्यंत आणि महिन्याला काढता येतात 10 हजार. डाळीचा धंदा थोडा चालला की ही रेघ कधी ओलांडली ते कळत नाही. मग पाठवणाऱ्याच्या फोनवर व्यवहार फसल्याचं दिसतं आणि दोन्ही बाजूंना वाटतं नेटवर्क खराब आहे. केवायसी पूर्ण केलं की ही मर्यादा जाते.

ग्रामीण बँकेत खातं असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. 1 मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. असं विलीनीकरण झालं की शाखेचा आयएफएससी कोड बदलू शकतो. ॲपमध्ये जुन्या बँकेच्या नावाने जोडलेलं खातं नीट चालत नसेल, तर ते काढून नव्या नावाखाली परत जोडायचं. गिऱ्हाइकाला जुनं पासबुक पाठवलं असेल तर तेही आता चुकीचं ठरू शकतं. पत्ता पाठवला असता तर हा घोळ गिऱ्हाइकापर्यंत पोचलाच नसता.

खातं जोडणं

मी मावशीला भीम ॲप टाकून दिलं. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने डिसेंबर 2016 मध्ये काढलेलं हे ॲप मराठीत चालतं, एवढंच कारण. फोनपे किंवा गुगल पे आधीच असेल तर बदलायची गरज नाही, पायऱ्या जवळपास त्याच.

बँकेत नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये असलं पाहिजे. दोन सिम असतील तर ॲप विचारतं कोणतं. इथे घाईत चुकीचं दाबलं की पुढे "खाते सापडले नाही" असं येतं आणि माणूस बँकेला शिव्या देतो. मग ॲप त्या सिमवरून आपोआप एक एसएमएस पाठवतं. त्यावरून कळतं की नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे. हा एसएमएस जाण्यासाठी सिमवर रिचार्ज लागतो. फक्त इनकमिंगपुरतं जिवंत ठेवलेलं सिम असेल तर पडताळणी अडते. मावशीची तशीच अडली. दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट चालतं, पण एसएमएस स्वतःच्याच सिमवरून जावा लागतो.

पुढे बँकेचं नाव निवडा. ॲप खातं आपणच शोधून आणतं आणि शेवटचे तीन-चार आकडे दाखवतं. पाहिलंत का? खाते क्रमांक आपणसुद्धा कुठे टाइप केला नाही.

मग ॲप यूपीआय पिन ठेवायला सांगतं. त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत लागते. कार्ड नसेल तर बऱ्याच बँकांमध्ये आधारवरून ओटीपी घेऊन पिन ठेवता येतो, पण आधारलाही तोच मोबाइल नंबर जोडलेला हवा. पिन शिल्लक पाहायला आणि पैसे द्यायला लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे वाक्य मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे, मी सांगितलं नव्हतं तरी.

नाव निवडणं, जिथे बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात

ॲप उघडल्या उघडल्या एक पत्ता तयार मिळतो आणि तो पुष्कळदा मोबाइल नंबरचाच असतो: दहा आकडे आणि पुढे @ काहीतरी. लोक तोच पाठवून मोकळे होतात. खाते क्रमांक लपला हे खरं, पण मोबाइल नंबर उघडा पडला. आणि आपला मोबाइल नंबर बँकेत, आधारला, गॅसला, सगळीकडे एकच. बाजारात डाळीच्या पोत्यावर तो चिकटवायचा म्हणजे पुन्हा पहिल्यासारखंच झालं.

म्हणून प्रोफाइलमध्ये जाऊन यूपीआय आयडी या जागी नवा पत्ता करा. अक्षरं, आकडे आणि टिंब चालतं. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांनी फरक पडत नाही. मावशीसाठी आम्ही तीनदा नाव बदललं. पहिल्यांदा तिचं नाव आणि जन्मवर्ष टाकलं. ते मीच खोडलं, कारण जन्मवर्ष फुकट कशाला द्यायचं? दुसऱ्या वेळी शेवटी आकडे टाकले, तर त्यात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गफलत होत होती. नागपूरच्या बाईंना फोनवर सांगताना हे समजलं. त्या म्हणाल्या, "झिरो की ओ?" आणि मावशी म्हणाली, "गोल आहे न बाप्पा!" शेवटी सरळ `gharchidal` ठेवलं. फोनवर उच्चारून सांगता येईल, ऐकणाऱ्याला लिहिता येईल, एवढी एक परीक्षा पत्त्याला पुरे.

नवा पत्ता झाल्यावर मोबाइल नंबरचा जुना पत्ता काढून टाका किंवा निदान मुख्य पत्ता नवा ठेवा. त्याच सेटिंगमध्ये यूपीआय नंबर नावाची सोय असते. ती चालू असेल तर कोणीही नुसता मोबाइल नंबर टाकून पैसे पाठवू शकतो आणि त्याला आपलं नावही दिसतं. नको असेल तर बंद करा. घरातल्या माणसांच्या सोयीसाठी मावशीने ती चालू ठेवली आहे, माझं मत तरी बंद ठेवावी असं आहे.

दहा किलो डाळीचे 1,600 रुपये

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. नागपूरच्या बाईंनी दहा किलो डाळ सांगितली, 160 रुपये किलोने 1,600 झाले. मावशीने व्हॉट्सॲपवर फक्त पत्ता पाठवला.

बाईंनी आपल्या ॲपमध्ये तो टाइप केला तेव्हा पैसे अजून हललेले नाहीत. त्यांच्या ॲपने देयक महामंडळाच्या यंत्रणेला विचारलं की हा पत्ता कोणाचा. यंत्रणेने @ नंतरचा भाग पाहून ज्या बँकेकडे वही आहे तिला विचारलं. तिकडून फक्त नाव परत आलं, म्हणजे मावशीचं बँकेत नोंदलेलं नाव. बाईंच्या फोनवर तेवढंच दिसलं. 30 जून 2025 पर्यंत सगळ्या ॲपना हाच नियम लावायला सांगितलं गेलं: पैसे देणाऱ्याला बँकेतलं नाव दाखवायचं, फोनमध्ये जतन केलेलं किंवा क्यूआरवर छापलेलं नाही. म्हणून गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं की नाव अमुक दिसेल. मावशीचं बँकेतलं नाव माहेरचं आहे. पहिल्या वेळी बाई घाबरल्या, त्यांना वाटलं पत्ता चुकला. फोन करून विचारलं हे त्यांनी शहाणपणाचं केलं.

नाव पटल्यावर बाईंनी रक्कम टाकली आणि स्वतःचा पिन टाकला. आता यंत्रणा वहीवाल्या बँकेकडून खऱ्या खात्याचा ठावठिकाणा घेते, बाईंच्या बँकेला 1,600 वजा करायला सांगते, ते झालं की मावशीच्या बँकेला 1,600 जमा करायला सांगते. खाते क्रमांक या फेरीत फिरतो, पण बँका आणि यंत्रणा यांच्यातच. बाईंच्या फोनपर्यंत तो येत नाही.

या सगळ्यात मावशीच्या फोनचं काहीच काम नाही. तो बंद असो, गावात लाइट गेलेली असो, नेटवर्क नसो, पैसे खात्यात पडतात. फोन फक्त आपल्याला कळण्यापुरता.

आम्ही आधी 1 रुपया मागून पाहिला होता. तो आला, एसएमएस आला, मगच बाकीचे घेतले. नव्या पत्त्यावर पहिल्यांदा पैसे येणार असतील तर हे जरूर करा, कारण यूपीआयमध्ये पैसे भलत्या पत्त्यावर गेले की ते आपसूक परत येत नाहीत.

क्यूआरमध्ये काय असतं

आठवडी बाजारात पत्ता कोण टाइप करत बसेल, तिथे क्यूआर बरा. ॲपमधून तो छापून घेता येतो. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत काही गुपित नसतं, एक ओळ असते:

```
upi://pay?pa=gharchidal@xyzbank&pn=Gharchi%20Dal&am=1600&cu=INR
```

`pa` म्हणजे पत्ता, `pn` म्हणजे नाव, `am` रक्कम, `cu` चलन. बाजारासाठी रक्कम गाळायची, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः टाकतो. खाते क्रमांक यातही नाही. पण `pn` मध्ये कोणीही काहीही लिहू शकतो, आणि त्यामुळेच कोणी आपल्या क्यूआरवर स्वतःचा चिकटवला तर छापलेल्या नावावरून ओळखू येत नाही. बाजारात फळी मांडली की सकाळचा पहिला गिऱ्हाईक स्कॅन करेल तेव्हा त्याच्या स्क्रीनवरचं नाव विचारून घ्यायचं. मावशी विचारते, "कोनाचं नाव दिसते?"

पैसे आले की नाही

गिऱ्हाइकाने दाखवलेला हिरवा टिक किंवा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, खोटा बनवणारी ॲप फिरत असतात. आपल्या बँकेचा एसएमएस किंवा आपल्या ॲपमधली शिल्लक पाहा. लहान रकमेचे एसएमएस काही बँका पाठवत नाहीत, तेव्हा शिल्लकच बघावी लागते.

कधी असं होतं की बाईंच्या खात्यातून वजा झाले, पण मावशीला आले नाहीत आणि ॲप "प्रलंबित" म्हणतं. पहिली चूक म्हणजे त्यांना पुन्हा पाठवायला सांगणं. थांबा. व्यवहाराच्या तपशिलात एक 12 आकडी क्रमांक असतो, तो मागून घ्या आणि आपल्या खात्याच्या नोंदीत शोधा. नसेल तर तक्रार पाठवणाऱ्याने त्याच्या ॲपमधून करायची, कारण पैसे तिकडून गेले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले असे अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत जायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत डाळ बांधून ठेवा, पण एसटीत टाकू नका.

फसवणूक जवळपास नेहमी एकाच रस्त्याने येते: "तुम्हाला पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका." स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे जातात, येत नाहीत. पैसे मागण्याची विनंती पाठवून फसवण्याचा प्रकार एवढा वाढला की व्यक्ती-व्यक्तीमधली ती सोयच ऑक्टोबर 2025 पासून बंद केली गेली. तरी क्यूआरची युक्ती चालूच आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. तासाभरात केलेल्या तक्रारीत आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीत फार फरक पडतो.

जिथे पत्ता चालत नाही

सगळीकडे पासबुक घरी ठेवता येईल असं नाही. पीएम किसानचा हप्ता असो की सीसीआयला विकलेल्या कापसाचे पैसे, ते आधार जोडलेल्या खात्यात जातात. पीक विमा, पीक कर्ज यांच्या फॉर्मवर खाते क्रमांक द्यावाच लागतो. मोठी रक्कम असेल तरीही अडतं: साध्या व्यवहारात पाठवणाऱ्याला दिवसाला साधारण 1 लाखापर्यंतच पाठवता येतात. आणि नव्याने यूपीआय सुरू केलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्या 24 तासांत 5 हजारांचीच मर्यादा असते, म्हणून त्याचे 8 हजार "जात नाहीत" म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजू नका.

हंगाम संपल्यावर

वर्षभर काहीच व्यवहार न झालेले पत्ते ॲपनी बंद करावेत, असं देयक महामंडळाने नोव्हेंबर 2023 मध्ये सांगितलं आहे. त्यात येणारे पैसेही अडतात. तुरीचा माल माघ-फाल्गुनात निघतो. एखाद्या वर्षी पीक बसलं आणि विकायला काहीच नसलं, तर पुढच्या वर्षी पत्ता झोपलेला सापडेल. दिवाळीच्या आसपास भाच्याला शंभर रुपये पाठवून ठेवले तरी भागतं.

मोबाइल नंबर बदलणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी बँकेत नवा नंबर, मग जुन्या सिमवर असतानाच ॲपमधून खातं काढणं, मग नव्या सिमवर नोंदणी. उलटं केलं तर जुना नंबर पुढे ज्याला मिळेल त्याच्याशी आपलं नाव काही काळ जोडलेलं राहू शकतं.

आणि ज्या माणसाला पत्ता दिल्याचा पस्तावा झाला, त्याच्यासाठी बँकेत जायची गरज नाही. मावशीने या फाल्गुनात रोज एक-एक रुपया पाठवून सोबत संदेश लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याला कंटाळून `gharchidal` मोडला आणि दुसरा केला. दोन मिनिटांचं काम झालं. वेळ गेला तो जुन्या गिऱ्हाइकांना नवा पत्ता कळवण्यात आणि बाजारातल्या फळीवरचा क्यूआर खरवडून काढण्यात.